आधी फक्त फोटो

त्याने मनाची सगळी तयारी करून ठेवली होती. साखर सोडायची, भात सोडायचा, संध्याकाळचे जेवण निम्म्यावर आणायचे. पण समोर बसलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी यातले काहीच मागितले नाही. सर्वस्व द्यायला निघालेल्या माणसाला दारातूनच परत पाठवावे, तसे त्याला झाले.

"म्हणजे खाण्यात काहीच बदलायचं नाही?" त्याने पुन्हा विचारले.

"काहीच नाही. तोंडात जाईल त्या प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. खाण्याचा, पिण्याचा, सगळ्याचा. बाकी नेहमीसारखं."

बाई वयाने त्याच्या पुतणीएवढ्या होत्या. कंपनीच्या दवाखान्याची खोली म्हणजे बांधकामाच्या फाटकाशी ठेवलेला एक पत्र्याचा डबा; त्यात एक तपासणीचा पलंग, एक वजनकाटा आणि एक खिडकी. त्या खिडकीतून त्याची क्रेन दिसत होती. वाऱ्याला मोकळी सोडलेली ती पिवळी दांडी संथपणे दिशा बदलत होती, आणि तिच्या मुळाशी चिकटलेली काचेची केबिन दुपारच्या उन्हात पाण्याच्या थेंबासारखी चमकत होती. तो तिकडेच पाहत राहिला.

गोष्ट त्या केबिनचीच होती. वर काम करणारा माणूस कधी बेशुद्ध पडला, तर त्याला दोराने खाली उतरवावे लागते. त्या दोराला आणि अंगावरच्या पट्ट्याला वजनाची एक मर्यादा असते, आणि वार्षिक तपासणीत त्याचा काटा त्या मर्यादेच्या पलीकडे जाऊन थांबला होता. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला लगेच खाली आणले नाही, एवढी त्यांची मेहेरबानी. दोन आठवडे आहारतज्ज्ञांकडे जा, म्हणाले. तुम्ही हे मनावर घेताय, नोंदी खऱ्या ठेवताय, असं त्यांनी कळवलं तर वजन उतरवायला तीन महिन्यांची मुदत देतो. नाहीतर गोदामात जागा आहे.

गोदाम म्हणजे चार भिंती, नळीचा दिवा आणि माणसे. आयुष्याची बरीच वर्षे ज्याने पाखरांच्या उंचीवर एकट्याने काढली, त्याला ते शब्द ऐकूनच गुदमरल्यासारखे झाले होते.

"मॅडम, माझ्या क्रेनला कोष्टक असतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चीड होती, आणि ती लपवावी असे त्याला वाटत नव्हते. "हात किती लांब, तर वजन किती उचलायचं, सगळं लिहिलेलं. तसं माझं कोष्टक द्या. किती प्रथिनं, किती पिष्ट, किती चरबी. मी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

"देईन की. दोन आठवड्यांनी," बाई म्हणाल्या. "पण आत्ता हुकाला काय लटकलंय ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का? काल दुपारी काय खाल्लंत?"

त्याला आठवेना. डबा खाल्ला एवढे आठवत होते. डब्यात काय होते ते नाही.

एका वेळी एकच सवय, बाईंनी समजावले. आधी नुसते पाहायचे. ते अंगवळणी पडले की दुसरी सवय, मग तिसरी. मग एखादाच पदार्थ काट्यावर ठेवून बघायचा. आकड्यांची बेरीज सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी सगळे मोजायला बसलेली माणसे चौथ्या दिवशी काटा माळ्यावर टाकतात, असा त्यांचा अनुभव होता. त्याने मान डोलावली आणि मनातल्या मनात ठरवले, की ही बाई आपला वेळ खात आहे.

फोटोंचा छळ दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला.

पहिली अडचण अशी, की क्रेन चालू असताना केबिनमध्ये फोन वापरायला सक्त मनाई. फोन पेटीत. हुक थांबले की मगच तो बाहेर काढायचा. आणि हुक तर दिवसभर थांबत नसे. खाली लोखंडी सळ्या, वर सळ्या; खाली काँक्रीटची बादली, वर बादली. खालून हाका देणारा इशारेवाला, ज्याला सगळे शिट्टी म्हणत, वायरलेसवर अखंड बोलत असे: थोडं डावीकडे, अजून, हळू, ठेवा. या बोलण्याच्या फटीत तो डब्यातले काहीतरी तोंडात टाकी. त्याला जेवण म्हणणेही धाडसाचे होते. हात क्रेन चालवायच्या दांड्यांवर, डोळे हुकावर आणि जबडा आपला आपला.

मग त्याने डबा खालीच उघडून, सिमेंटच्या पोत्यावर मांडून, चढण्यापूर्वीच फोटो काढायला सुरुवात केली. पहिल्याच सकाळी सळ्या बांधणारे चौघे गोळा झाले. एकाने डब्याला नीट हसायला सांगितले. शिट्टीने तर फाटकाशी पडलेली हिरवी चिंधी आणून पोत्यावर अंथरली आणि म्हणाला, "दादा, पार्श्वभूमी नको का? स्थळाला पाठवायचाय ना फोटो?"

त्याने चिंधी बाजूला सारून फोटो काढला. असली चेष्टा त्याला कधीच पेलत नसे. म्हणूनच कदाचित त्याला शिडी चढून जायला आवडे.

पण डबा ही नुसती सुरुवात होती. दिवसभरात दोरीच्या पिशवीतून काय काय वर येई, हे त्यालाही आता पहिल्यांदाच दिसू लागले. ज्याची सळई आधी उचलून हवी, तो बिस्किटांचा पुडा पाठवी. ज्याची बादली कालपासून अडकली, तो केक पाठवी. क्रेनवाला खूश तर काम पुढे, हा तिथला अलिखित कायदा होता, आणि तो इतकी वर्षे निमूटपणे, न पाहता, ती खुशी चघळत आला होता. आता प्रत्येक पुड्यासाठी हुक थांबण्याची वाट पाहायची, पेटी उघडायची, फोन काढायचा. तोवर अर्धा पुडा संपलेला असे. रिकाम्या कागदाचा फोटो पाठवताना त्याला स्वतःचाच राग येई.

'राहिला फोटो तर राहिला असं लिहा. चालतं,' बाईंचा निरोप आला.

चालते कसे? त्याला काहीही 'चालत' नसे. त्याच्या कामात बोटभर चूक म्हणजे कुणाचे तरी डोके.

घरी वेगळीच तऱ्हा. बायकोने ताट वाढले की तो फोन घेऊन खुर्चीवरून अर्धवट उठे, दिव्याची सावली चुकवी, पुन्हा बसे.

"अहो, जेवण आहे ते, अपघाताचा पंचनामा नाही," ती म्हणाली. "निवतंय सगळं."

त्याने समजावले, की नोकरीचा प्रश्न आहे. तिने शांतपणे विचारले, की नोकरी तर जात नाहीच आहे, गोदामात पगार तेवढाच आहे, संध्याकाळी गुडघे धरून बसणेही बंद होईल. मग प्रश्न नक्की कसला आहे? सकाळी धुके खाली उरते आणि केबिन तेवढी उजेडात असते, हे कुणाला कसे सांगायचे? जगात आपल्याला मोकळा श्वास घेता येतो अशी एकच जागा आहे आणि ती लोखंडी नळ्यांवर टांगलेली आहे, हे ज्या स्त्रीने आपल्याबरोबर अर्धे आयुष्य काढले तिला सांगणे तर त्याहून अवघड. त्याने मुकाट्याने ताटाचा फोटो काढला.

आठवडा सरत आला तेव्हा बाईंनी दुसरी सवय दिली. पाणी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडे थोडे, ठरावीक अंतराने, आणि प्रत्येक पेल्याला, फोटोऐवजी, फोनवरच्या तक्त्यात एक खूण. सगळ्यात सोपी सवय आहे, त्या म्हणाल्या. बहुतेकांना हीच आधी जमते.

त्याने 'बरं' म्हटले, आणि बाहेर येऊन फाटकाशी उभा राहून त्या 'बरं'ला शिव्या घातल्या.

कारण वर संडास नव्हता. शिडी उतरायला जेवढा वेळ, त्याहून जास्त चढायला. तेवढा वेळ हुक हवेत लटकत राहणार, काँक्रीट गाडीत घट्ट होत राहणार आणि खाली पन्नास माणसे मान वर करून उभी राहणार. म्हणून क्रेनवाले सकाळी पाणी पीत नाहीत. हे कुठे लिहिलेले नसते, कुणी शिकवतही नाही. ज्याने त्याने पहिल्या महिन्यात शिकायचे असते. तो सकाळी चहाचे चार घोट घेई आणि मग खाली उतरेपर्यंत ओठ ओले करण्यापुरती बाटली तोंडाला लावी. ओठ फुटत, दुपारनंतर डोके ठणके, त्याची त्याला सवय होती.

हे सगळे पुतणीएवढ्या मुलीसमोर उच्चारायचे? त्या पत्र्याच्या डब्यात, समोरासमोर बसून? जीभ उचलली नसती. त्याने तक्त्यात खुणा करायला सुरुवात केली. सकाळच्या चार, दुपारच्या चार. पिशवीतून भरलेली बाटली वर जाई आणि संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच खाली येई.

"पाणी फिरायला नेता का रोज?" शिट्टीने बाटली हातात तोलून एकदा विचारले. त्याने ती हिसकावून घेतली.

गंमत म्हणजे तिसरी सवय त्याला खरोखरच जमली. सकाळच्या खाण्यात काहीतरी प्रथिनांचे असावे, एवढेच बाईंनी सांगितले होते. तो आजवर चहात बुडवलेल्या पावावर चढत असे. आता चढण्यापूर्वी दोन उकडलेली अंडी खाऊ लागला, आणि तिसऱ्याच दिवशी बिस्किटांचा पुडा न फोडता परत खाली गेला. पाठवणारा सळईवाला घाबरला. आपल्यावर राग धरला की काय म्हणून दुपारी दोन पुडे आले.

मग काटाही आला. पण मोजायचे फक्त तेल. स्वयंपाकाआधी बाटली काट्यावर ठेवायची, स्वयंपाकानंतर पुन्हा ठेवायची. फरक तेवढे तेल. बेरीज नाही, कपात नाही, नुसते पाहायचे. बायको म्हणाली, माझ्या हाताला इतकी वर्षे डोळे होते, आता काट्याला आले वाटतं. पण पहिल्या संध्याकाळचा आकडा तिने वाकून पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या संध्याकाळी, त्याने काही न सांगता, ती चमचा वापरताना दिसली. त्याला वाटले, हे होतेय. वैतागत, कुरकुरत, पण होतेय.

दोन आठवडे पुरे होण्याच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. तो नुकताच खाली उतरला होता, हातात थंड गोड पेयाची बाटली होती, आणि सवयीप्रमाणे तिचा फोटो नुकताच गेला होता.

"तुम्ही उद्या वर चढू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा सपाट नव्हता. "सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात या. साखर तपासायची आहे. मी डॉक्टरांना आत्ताच लिहितेय."

"कसली साखर? काय झालं?"

बाईंनी सांगितले. दिवसभर तो भरपूर पाणी पितो, असे तक्ता म्हणत होता. तरी संध्याकाळी उतरल्यावर लगेच दोन बाटल्या, घरी पोचल्यावर सरबत, जेवताना पुन्हा बाटली, हे फोटो म्हणत होते. रोज. एवढे पाणी पिऊनही माणसाची तहान भागत नसेल, शिवाय दुपारी डोके दुखते म्हणून तोच सांगत असेल, तर ते लक्षण चांगले नाही. असा माणूस त्या उंचीवर एकटा असणे तर मुळीच चांगले नाही. रिपोर्ट येऊन उपचार सुरू होईपर्यंत डॉक्टर त्याला खालीच ठेवतील.

तो फाटकाशी उभा होता. मागे शिट्टी हेल्मेट काढून डोके खाजवत होता. वर, संध्याकाळच्या फिकट आभाळात, केबिन रिकामी होती, आणि त्याला एकदम वाटले, की संध्याकाळची ती अशी रिकामी आपण कधी पाहिलीच नव्हती. कारण या वेळेला आपण नेहमी तिच्याकडे पाठ करून घरी निघालेले असायचो.

ही शिक्षाच होती. फोटो सगळे खरे होते. एकही बाटली त्याने लपवली नव्हती. खोट्या होत्या त्या फक्त पाण्याच्या खुणा, ज्यांत कुणाचे काही बिघडत नाही असे त्याला वाटले होते. त्या खोट्याने खऱ्या फोटोंना हाताशी धरून त्याला आजारी करून टाकले होते. आणि हे सांगावे, तर नोंदी खऱ्या ठेवत नाही म्हणून मुदत जाणार. न सांगावे, तर तपासणी होईपर्यंत खाली. आणि तपासणी चांगली आली तरी कोडे तसेच राहणार, पुढच्या तपासण्या होत राहणार. दोन्हीकडून गोदामच.

"मॅडम, लिहू नका," तो म्हणाला. "मी येतोय."

पत्र्याच्या डब्यात दिवा लागला होता. तो खुर्चीवर बसला नाही. खिडकीबाहेर पाहत, तुटक तुटक, जणू वायरलेसवर इशारे देतो आहे अशा थाटात त्याने सांगितले: वर पाणी पीत नाही. खुणा खोट्या आहेत. सगळ्या. वर सोय नाही. उतरता येत नाही. कुणीच पीत नाही.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले.

"मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात काय कळवलं होतं? राहिलं तर राहिलं म्हणून लिहा. रिकामी जागा मला चालली असती हो. रिकाम्या जागेवरून मी विचारलं असतं, का रिकामी. भरलेल्या जागेला काय विचारू?"

"तुम्हाला कसं सांगणार होतो?"

"तोंडाने," बाई म्हणाल्या. त्या खरोखर वैतागल्या होत्या, आणि ते पाहून, का कोण जाणे, त्याला थोडे बरे वाटले. "आणि मीही धन्य. क्रेनवाल्याला पाणी प्या म्हणाले आणि वर संडास आहे का, हे विचारलं नाही. सगळ्यांना जी सवय सोपी, तीच तुम्हाला दिली डोळे मिटून."

त्यांनी एक एक करून त्याचे फोटो पुन्हा उघडले. आता ते वेगळेच दिसत होते. तो रोज तहानेने व्याकूळ होऊन उतरत होता आणि ती तहान साखरेच्या पाण्याने भागवत होता. त्यातूनच एका जेवणाइतका ऐवज पोटात जात होता. दुपारचे डोके भुकेने दुखते असे समजून तो बिस्किटे खात होता. तेही बहुधा पाण्यासाठीच ओरडत होते. साखर तरीही तपासायचीच, बाईंनी बजावले. अंदाजावर कुणाला वर पाठवणार नाही. आणि डॉक्टरांना त्या सगळे जसेच्या तसे लिहिणार होत्या: खुणा खोट्या होत्या, हेसुद्धा.

"मग गेलं," तो म्हणाला.

"ते त्यांनी ठरवायचं. खोट्या खुणांवरून तुमचं कोष्टक मी बनवलं असतं आणि ते तुमच्या अंगावर कोसळलं असतं. तुम्हीच सांगा, खोटं वजन सांगून कुणी माल हुकाला लावला तर तुम्ही त्याचं काय करता?"

अशा माणसाचा माल तो महिनाभर उचलत नसे.

त्या रात्री त्याने बायकोला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि एवढेच विचारले, की इतकी वर्षे तू असाच कोरडा बसत होतास? एकेरीवर ती फार क्वचित येई.

साखर काठाच्या अलीकडे निघाली. फार अलीकडे नव्हे. डॉक्टरांनी बाईंचे पत्र दोनदा वाचले, त्याला बाहेर बसवून ठेवले आणि बांधकामाच्या मुख्य साहेबांना आत बोलावले. दारातून आवाज येत होते. साहेबांचे म्हणणे, की सकाळच्या मध्यावर हुक थांबवले तर वेळापत्रकाचे काय. डॉक्टरांचे म्हणणे, की पाण्यावाचून भोवळ येऊन माणूस दांड्यांवर पडला तर वेळापत्रकाचे काय. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. तीन महिन्यांची मुदत मिळाली, पण एका अटीवर. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उतरायचे, पाणी वर प्यायचे, आणि तक्त्यातली एक जरी खूण खोटी निघाली तर मुदत तिथेच संपेल. बाईंनीही आपला निकाल दिला: आकडे आणखी आठवडाभर नाहीत. पाण्याची सवय अजून सुरूच झालेली नाही, म्हणून ती आता पहिल्यापासून.

त्याला वाटले होते, आनंद होईल. पण शिडी चढताना त्याला फक्त चीड येत होती. दिवसातून दोनदा जादा उतरायचे. वर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत कुणाचा नसतो, हेच तर त्या जागेचे सुख होते. आता त्या सुखाला मधोमध दोन दारे पडणार होती.

केबिनमध्ये बसून त्याने बाटली उघडली. फोटो काढला. प्यायला, ओठ ओले करण्यापुरते नव्हे, घटाघटा. पाणी कोमट होते आणि त्याला प्लास्टिकची चव होती. त्याने एक खूण केली. काही वेळाने, हुक थांबल्यावर, दुसरी बाटली, दुसरी खूण.

सकाळचा मध्य झाला तेव्हा हुकाला सळ्यांचा जुडगा होता. त्याने तो जागेवर ठेवला आणि हुक वर घेतले.

"दादा, का थांबलात? पुढचा माल तयार आहे," वायरलेसवर शिट्टीचा आवाज आला.

हुक थांबवायचे तर कारण वायरलेसवर सांगायचे, असा नियम होता. त्या वायरलेसवर शिट्टी होता, साहेब होते, काँक्रीटवाले होते, पलीकडच्या इमारतीच्या क्रेनवर बसलेला दुसरा क्रेनवाला होता. त्याचे कान तापले. त्याने बटण दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"खाली येतोय," तो म्हणाला. "लघवीला."

क्षणभर नुसती खरखर. मग साहेबांचा एक सुस्कारा, सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. तो हसण्याची वाट पाहत राहिला. हसणे आले नाही. आला तो पलीकडच्या क्रेनवाल्याचा आवाज, ज्याच्याशी तो वर्षभरात दहा शब्दही बोलला नसेल.

"हुक थांबवतोय," तो आवाज म्हणाला. "मीपण येतो."

साहेबांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली. त्याने वायरलेस कमरेला अडकवले, पट्टा तपासला आणि शिडीवर पाय ठेवला. समोरच्या मनोऱ्यावर, दुरून मुंगीएवढा दिसणारा एक माणूसही पाठमोरा होऊन उतरू लागला होता.